सात मिलिमीटरचा ठिपका

प्रश्न : आम्ही कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहतो. बाबा 62 वर्षांचे, बोटीवर तांडेल होते. तीस वर्षं रोज एक बंडल, म्हणजे 25 विड्या ओढल्या. सहा वर्षांपूर्वी सोडल्या. तरुणपणी टीबी होऊन बरा झाला होता. त्रास काहीच नाही, पण कुणीतरी सुचवलं म्हणून फुप्फुसाचा लो-डोस सीटी केला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात 7 मिलिमीटरची गाठ निघाली. हा कॅन्सर आहे का? लगेच बायप्सी करावी का? आणि भावाने, आईनेही हा स्कॅन करावा का?

उत्तर : ताई, आधी धीर धरा. या मापाची गाठ पहिल्याच स्कॅनमध्ये दिसली, तर तो कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात एक-दोन एवढीच धरली जाते.

तपासणी बाबांसाठी योग्य होती का, ते पाहू. अमेरिकेतल्या 2021 च्या शिफारशीनुसार वय 50 ते 80, किमान 20 ‘पाकीट-वर्षं’ धूम्रपान, आणि ते चालू असलेलं किंवा गेल्या 15 वर्षांत सुटलेलं, अशांनी वर्षाला एकदा हा स्कॅन करावा. रोज 20 सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पाकीट-वर्ष होतं. बाबांच्या 25 विड्या भागिले 20, गुणिले 30 वर्षं म्हणजे साडेसदतीस. विडीत तंबाखू कमी असते, पण धूर कमी घातक नसतो. म्हणून मी विडी सिगारेटीइतकीच धरते. बाबा निकषात बसतात. आपल्याकडे मात्र यासाठी सरकारी राष्ट्रीय कार्यक्रम नाही, त्यामुळे जो तो आपापल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हा स्कॅन करून घेतो.

आता गाठीकडे. अमेरिकेत 53 हजारांवर लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. छातीच्या साध्या एक्स-रेच्या तुलनेत लो-डोस सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. हा फायदा खरा आहे. पण तीन वर्षांच्या तीन फेऱ्यांत 39 टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये एकदा तरी संशयास्पद काही दिसलं, आणि अशा संशयास्पद निकालांपैकी 96 टक्के निकालांमागे कॅन्सर नव्हता. तेव्हा 4 मिलिमीटरपासूनच्या गाठी संशयित धरल्या होत्या. पुढे पहिल्या स्कॅनमधल्या भरीव गाठींसाठी ही मर्यादा 6 पर्यंत नेली, तेव्हा खोट्या धोक्याच्या घंटा बऱ्याच कमी झाल्या.

मुंबईत या घंटा जास्त वाजणार, कारण टीबी. बरा झालेला टीबी फुप्फुसात व्रण आणि छोट्या गाठी ठेवून जातो, आणि बहुधा वरच्याच भागात. धूम्रपानाचा कॅन्सरही वरच्या भागात जास्त आढळतो. म्हणून नुसत्या जागेवरून निवाडा करता येत नाही. गाठीत मधोमध किंवा सर्वत्र चुना साठलेला असेल, तर ती जुनी, निरुपद्रवी. तसा उल्लेख अहवालात आहे का, ते रेडिऑलॉजिस्टना विचारा. पेट स्कॅनवरही विसंबू नका. सक्रिय टीबीही त्यात कॅन्सरसारखाच उजळतो.

तुमच्या हातात एक मोठा पुरावा असू शकतो : टीबीच्या वेळचे एक्स-रे आणि मधल्या काळातला एखादा सीटी. ट्रंकेत, कपाटावर शोधा. उपचार शिवडीच्या टीबी रुग्णालयात झाले असतील, तर तिथेही नोंदी विचारा. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत हीच भरीव गाठ याच मापाची दिसली, तर चिंता जवळपास मिटली.

जुनं काही नसेल आणि गाठ भरीव असेल, तर बायप्सी नाही. सहा महिन्यांनी पुन्हा लो-डोस सीटी, शक्यतो त्याच यंत्रावर. 7 ची 7.5 झाली, तर तो मोजण्यातला फरक असू शकतो. दीड मिलिमीटरहून जास्त वाढ झाली, तर पुढचं पाऊल उचलायचं, आणि तेही परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, जिथे छातीचे सर्जन आणि रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात अशा ठिकाणी. फुप्फुसात सुई घातली की साधारण 15 टक्के लोकांत फुप्फुसाबाहेर हवा साठते, आणि काहींना छातीत नळी घालावी लागते. 7 मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी मी ही जोखीम घेणार नाही.

उलटी चूकही आपल्याकडे होते, आणि ती मला जास्त सलते : वाढत्या गाठीला ‘टीबीच असेल’ म्हणून थुंकी न तपासता महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या देणं. तसं कुणी सुचवलं, तर पुरावा मागा. सहा महिन्यांची वाट पाहताना बाबांच्या थुंकीतून रक्त आलं, वजन उतरलं किंवा आवाज बसून राहिला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. तेव्हा नियमित तपासणीचे नियम लागू नाहीत. नेहमीचा पूर्ण सीटी आणि डॉक्टरांची भेट लगेच हवी.

तुमचा भाऊ पन्नाशीच्या आतला असेल, तर त्याला या स्कॅनमधून फायद्यापेक्षा खोटी भीतीच मिळेल. ओढत असेल, तर आजच सोडू दे. आई स्वतः विडी-सिगारेट ओढत नसतील, तर त्याही निकषात बसत नाहीत. पण मशेरी लावत असतील, तर त्यांच्या तोंडाची तपासणी जवळच्या पालिका दवाखान्यात जरूर करून घ्या.