काळ्या काचेवरचा नंबर नेमकं काय सांगतो?

प्रश्न : माझं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. 3.15 मिमीचा रॉड, करंट साधारण 110 अँपिअर. 11 नंबरची काच लावली की जोड दिसत नाही, म्हणून पोरं स्क्रीन बाजूला ठेवून उन्हाचा काळा गॉगल घालतात. हँडग्राइंडर चालवतानाही तोच गॉगल. काच जितकी काळी तितका डोळा सुरक्षित, हे खरं का? नेमका कुठला नंबर वापरावा?
— एक फॅब्रिकेटर, इचलकरंजी

उत्तर : नाही, हे खरं नाही. काचेचा नंबर फक्त एवढंच सांगतो, की डोळ्यांना दिसणारा उजेड तिच्यातून किती पार होतो. प्रकाशाचे एक लाख भाग धरले, तर 8 नंबरमधून 100 भाग आत येतात, 9 मधून 37, 10 मधून 14 आणि 11 मधून 5. म्हणजे एक नंबर वाढला की उजेड जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. 11 ला तुम्हाला जोड दिसत नाही, याचं कारण हेच.

डोळा भाजतो तो मात्र न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी. प्रमाणित वेल्डिंग काच हे किरण अडवण्यासाठीच बनवलेली असते, मग ती 9 ची असो वा 11 ची. गडद उन्हाच्या गॉगलमधून मात्र लाखातले साधारण दहा हजार भाग उजेड सरळ आत येतो, आणि तो अतिनील किरण किती अडवेल याचा भरवसा नसतो. शिवाय बाजूंनी तो उघडाच. त्या वेळी काही जाणवत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो. गॅसकामाचा 5 नंबरचा हिरवा गॉगलही इथे चालणार नाही. त्यातून 10 नंबरच्या सुमारे 140 पट उजेड येतो.

आता तुमच्या कामाचं बघू. रॉडच्या वेल्डिंगला 60 ते 160 अँपिअरपर्यंत 10 नंबर सुचवला जातो, आणि 8 च्या खाली जायचं नाही. निवडताना गडद काचेपासून सुरुवात करावी. 11 ला वितळलेला धातू आणि जोडाची कड दिसत नसेल तर 10 लावा. तरीही दिसत नसेल तर 9. 110 अँपिअरला बहुतेकांचं काम 10 वर नीट होतं. पण नंबर उतरवण्याआधी काळ्या काचेच्या पुढची साधी काच बदलून पाहा. शिंतोड्यांनी ती खरबरीत झाली की काम अंधुक दिसतं आणि दोष उगाच नंबरवर जातो. काळ्या काचेला तडा गेला असेल तर ती टाकून द्या, तड्यातून किरण आत येतात. जॉब धरून उभ्या राहणाऱ्या हेल्परलाही स्वतःची स्क्रीन हवी. टाका मारताना नुसते डोळे मिटून भागत नाही.

ग्राइंडिंगचा धोका वेगळा आहे. 100 मिमीची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो, आणि कण त्याच वेगाने सुटतात. इथे काळेपणाचा काही उपयोग नाही. उलट चकती कुठे टेकते आहे तेच दिसत नाही. हवा तो पारदर्शक, पॉलिकार्बोनेटचा, दोन्ही बाजूंनी बंद चष्मा. त्यावर Z87+ किंवा EN 166 सोबत F असा शिक्का शोधा. जोरात आदळणारा कण सोसण्याची चाचणी काचेने पार केल्याची ती खूण आहे. जास्त ग्राइंडिंग असेल तर वर फेस शील्डही लावा. पण नुसतं शील्ड पुरत नाही, कारण कण खालून आणि बाजूने आत शिरतात.

हाच पारदर्शक चष्मा वेल्डिंगच्या स्क्रीनमागेही घालून ठेवायला सांगा. स्क्रीन बाजूला करून हातोडीने स्लॅग झाडताना डोळे उघडे पडतात आणि गरम स्लॅग उडतो तो नेमका तेव्हाच. शेजारी कुणी अचानक आर्क पेटवला, तर पॉलिकार्बोनेट बरेचसे अतिनील किरणही अडवतं. मात्र त्या चष्म्याने आर्ककडे बघायचं नाही.

आणि डोळ्यात कण गेलाच, तर तो चोळू नका, सुई-चिमट्याने काढू नका. लोखंडाचा कण राहिला की बुबुळावर गंजाचं कडं धरतं. ग्राइंडिंग करताना काहीतरी जोरात लागलं आणि नंतर दिसायला कमी झालं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. कण डोळ्याच्या आत गेलेला असू शकतो. तेव्हा प्रत्येक कामगाराला 10 नंबरची काच असलेली एक स्क्रीन आणि एक पारदर्शक चष्मा द्या, आणि उन्हाचे गॉगल वर्कशॉपच्या बाहेर ठेवायला सांगा.