तीन पाकिटं

चि. मृणाल हिस,


काल फोनवर तू विचारलंस, "मामा, बँकेने कागदांची यादी दिलीय. सगळ्यांचे झेरॉक्स काढून, सह्या ठोकून फाइल दिली की झालं ना?" तेव्हा गॅसवाला दारात उभा होता म्हणून मी "हो हो" करून फोन ठेवला. रात्री तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले कागद चष्मा लावून नीट पाहिले आणि झोप उडाली. म्हणून हे पत्र.

बँकेच्या यादीत कागदाचं नाव असतं. तो मूळ द्यायचा, दाखवायचा की झेरॉक्सवर सही करून द्यायचा, आणि कधी द्यायचा, हे सहसा लिहिलेलं नसतं. मी गृहकर्जाच्या टेबलावर बसायचो तेव्हा येणाऱ्याला तीन पाकिटं करायला लावायचो. तूही कर: ओळखीचं, उत्पन्नाचं आणि जागेचं.

ओळखीचं पाकीट सर्वांत सोपं. पॅन, आधार आणि पत्त्याचा पुरावा. तिन्हींच्या झेरॉक्स द्यायच्या आणि त्यांवर ज्याचा कागद त्याचीच सही हवी. नवरा झाला तरी निरंजनच्या पॅनवर तू सही करून चालत नाही, आणि विकणाऱ्यांच्या पॅनवर तुम्हा दोघांपैकी कोणीही नाही. सही निळ्या शाईने कर, म्हणजे ती झेरॉक्समधली नाही हे लांबूनही दिसतं. सहीखाली तारीख आणि "गृहकर्ज अर्जासाठी" एवढं लिही. उद्या तीच झेरॉक्स कोणी सिमकार्डासाठी वापरली तर तिच्यावरच तिचं काम लिहिलेलं असेल. आधारची प्रत शक्यतो पहिले आठ आकडे झाकलेली दे. मूळ कार्डं फक्त दाखवायला न्यायची. अधिकारी ती झेरॉक्सशी ताडून पाहतो, "मूळ पाहिले" असा शिक्का मारून सही करतो आणि तिथेच परत देतो. एखादा एजंट म्हणाला, "मॅडम, ओरिजिनल दोन दिवस राहू द्या," तर राहू द्यायचं नाही.

यात तुझी एक अडचण होणार आहे. तुझ्या पॅनवर मधलं नाव दादांचं आणि आडनाव माहेरचं. आधारवर निरंजनचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याकडे निम्म्या बायकांच्या फाइली इथेच अडतात. पॅन बदलायला आत्ता वेळ आहे, तर बदलून घे. तोवर विवाह नोंदणी दाखल्याची सही केलेली झेरॉक्स जोड आणि मूळ दाखला दाखवायला ने. मुख्य म्हणजे करारनाम्यात तुझं नाव पॅनवर असेल तसंच घालायला सांग. बँकेत खुलासा देऊन भागतं, पण नोंदणी झालेल्या दस्तात नाव चुकलं की चूकदुरुस्ती पत्र करून पुन्हा दुय्यम निबंधकाकडे खेपा.

उत्पन्नाच्या पाकिटात हल्ली खरं तर मूळ कागद असा उरलेलाच नाही. पगाराची स्लिप कंपनीच्या पोर्टलवरून येते, फॉर्म 16 डिजिटल सहीचा, बँकेचा उतारा पीडीएफमध्ये. साधारणपणे तीन महिन्यांच्या स्लिपा, पगार जमा होणाऱ्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, दोन वर्षांचे फॉर्म 16 आणि विवरणपत्रं मागतात. छापून सह्या करून द्या, पण उताऱ्याची फाइल जशी डाउनलोड झाली तशीच ईमेलनेही पाठवा. लोक पासवर्ड काढायला म्हणून तिचा प्रिंट घेतात, तो पुन्हा स्कॅन करतात, आणि मग बँकेच्या तपासणीत ती फाइल "फेरफार केलेली" दिसते. इथे मूळ-नक्कल बघण्यापेक्षा मेळ बघतात: स्लिपवरचा हातात येणारा पगार, खात्यात जमा झालेली रक्कम आणि फॉर्म 16 मधला वर्षाचा आकडा. निरंजनच्या स्लिपवर 78,400 आहेत आणि खात्यात 73,400 येतात. पाच हजार पतपेढीचे कापले जातात हे त्याला माहीत आहे, बँकेला नाही. पतपेढीचा कर्ज-उतारा आत्ताच जोडून टाका. तो हप्ता लपवला असा समज झाला तर पुढे प्रत्येक कागदाकडे संशयाने बघतील.

आता जागेचं पाकीट. माझी झोप उडाली ती याच्यामुळे.

ओळखीचे मूळ कागद पाच मिनिटांत तुझ्या पर्समध्ये परत येतात, जागेचे मूळ कागद वीस वर्षांसाठी जातात. घर तारण ठेवायचं म्हणजे मालकीचे मूळ दस्त त्या हेतूने बँकेच्या ताब्यात द्यायचे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 58 व्या कलमात हा तारणाचा प्रकार सांगितलेला आहे. बँकेला मूळ दस्त हवा तो नुसता खरेपणा तपासायला नव्हे. तो आपल्या तिजोरीत असला की दुसऱ्या कोणाच्या तिजोरीत नाही, याची तिला खात्री होते. हे लक्षात ठेवलंस की पुढचं सगळं आपोआप कळेल.

अर्ज करताना मात्र एकही मूळ दस्त देऊ नका. त्या वेळी लागतात त्या पूर्ण झेरॉक्स, दोन संच: एक बँकेच्या वकिलाला शोध घ्यायला, एक मूल्यांकन करणाऱ्याला. पूर्ण म्हणजे पहिल्या पानापासून फोटो-अंगठ्यांच्या शेवटच्या पानापर्यंत, मुद्रांकाची पावती, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक 2 सकट. जुने दस्त विकणाऱ्यांचे, म्हणून त्या झेरॉक्सवर सह्याही त्यांच्याच. भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती यांच्या झेरॉक्स चालतात. सोसायटीचं ना-हरकत पत्र मात्र मूळच लागतं, आणि तेही तुमच्या बँकेच्या नावे, तिच्या नमुन्यात. सेक्रेटरीला दोनदा टाइप करायला लावू नकोस.

तुमच्या फ्लॅटची साखळी अशी आहे. 2004 मध्ये बिल्डरने पहिल्या मालकाला विकला. 2013 मध्ये पहिल्या मालकाने आत्ताच्या गृहस्थांना. आता तिसरा करार तुमचा. बँकेला तिन्ही मूळ करार लागणार, नोंदणीच्या मूळ पावत्यांसकट. पहिले दोन आत्ता विकणाऱ्यांच्या बँकेत असायला हवेत, कारण त्यांचं अकरा लाखांचं कर्ज अजून शिल्लक आहे. त्या बँकेने दिलेली कागदांची यादी, बँकेतले लोक तिला एलओडी म्हणतात, तू मला पाठवलीस. तिच्यात दुसरी ओळ वाच: "करारनामा 2004, प्रमाणित नक्कल." मूळ नाही. नक्कल!

प्रमाणित नक्कल म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून शिक्का मारून मिळालेली प्रत. दस्तात काय लिहिलं होतं ते तिने सिद्ध होतं. मूळ दस्त आज कुठे आहे ते होत नाही. तो पहिल्या मालकाच्या हातून हरवला असेल, तसं बरेचदा होतं. पण त्याने 2004 ते 2013 च्या दरम्यान तो कुठे तारण ठेवून पैसे उचलले असतील, हीही शक्यता आहे. तेव्हाचं असं तारण निबंधकाच्या शोधात दिसेलच असं नाही. नुसते दस्त ठेवून केलेल्या तारणाची सूचना निबंधकाकडे द्यायची सक्ती महाराष्ट्रात 2013 मध्ये आली. सरसाई ही तारणांची केंद्रीय नोंदवही 2011 पासूनची. त्याआधीच्या सात वर्षांसाठी वेगळी चौकशी करावी लागते.

घाबरून बयाणा परत मागायची गरज नाही. विकणाऱ्यांना विचार, 2013 मध्ये त्यांच्या बँकेने नक्कल कशाच्या आधारावर चालवून घेतली? दस्त गहाळ झाल्याची पोलिसांकडची नोंद, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि पहिल्या मालकाचं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद त्या फाइलमध्ये असायला हवेत. ते मूळ स्वरूपात तुमच्याकडे आले पाहिजेत, कारण आता तेच 2004 च्या कराराची जागा घेणार. नसतील तर पुन्हा नोटीस देऊन हरकतींची मुदत जाऊ द्यावी लागेल. महिनाभर धरून चल. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींना भेट. पहिल्या मालकाने कर्ज काढताना ना-हरकत घेतली असेल तर बँकेचा बोजा सोसायटीच्या दप्तरात नोंदलेला असतो. वकिलांच्या शोधापेक्षा सेक्रेटरींच्या जुन्या रजिस्टरवर माझा जास्त भरवसा आहे, हे आमच्या वकील मित्रांना सांगू नकोस.

हे सुटलं की पैशांचा क्रम ठरवा. किंमत 62 लाख, तुमचे 17, बँकेचे 45. या 45 मधले अकरा लाख विकणाऱ्यांच्या हातात द्यायचे नाहीत. ते थेट त्यांच्या कर्जखात्यात जावेत, आणि सुटलेले मूळ कागद तुमच्या बँकेच्या माणसाने तिथूनच ताब्यात घ्यावेत. नक्की आकडा त्यांच्या बँकेच्या कर्जबंदी पत्रात मिळेल. त्याला मुदत असते, रोजचं व्याज चढतं. उरलेले 34 लाख कागद हातात आल्यावर. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. त्यामुळे त्यांची बँक फार रेंगाळणार नाही.

तुमच्या बँकेत मूळ दस्त ठेवाल तेव्हा पोच घ्या. "प्रॉपर्टी पेपर्स, एक संच" अशी नको. प्रत्येक दस्ताची तारीख, नोंदणी क्रमांक, पानांची संख्या, आणि मूळ की नक्कल, असं लिहिलेली हवी. त्याआधी सगळं रंगीत स्कॅन करून ठेव. त्या तारणाची सूचना 30 दिवसांत निबंधकाकडे दाखल करायची जबाबदारी कर्जदाराची असते. बँकेचा माणूस ऑनलाइन करून देतो, पण पावती मागून घे.

आणि कृपा करून कुठलाही मूळ कागद लॅमिनेट करू नका. एका कर्जदाराने शेअर सर्टिफिकेट हौसेने प्लास्टिकमध्ये बसवून आणलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाची नोंद आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या व्हायच्या असतात. प्लास्टिकवर शाई कशी बसणार? दुसऱ्याने तर मूळ करारनाम्याच्याच प्रत्येक पानावर "खरी प्रत" लिहून सही केली होती. बासष्ट पानं. बिचारा रात्रभर बसला असणार.

तू पाठवलेल्या शेअर सर्टिफिकेटची फक्त पुढची बाजू आलीय. मागची उद्या मागवून घे आणि 2013 च्या हस्तांतरणाची नोंद तिथे आहे का ते मला कळव. रविवारी मी येतोच आहे. मामी म्हणते, तुला आवडतो तो गूळपापडीचा डबा पाठवायचाय.

तुझा,
मामा