बुडेल की तरंगेल? : दुसरीच्या मुलांसाठी एक पाठ

पाड्यावरच्या अभ्यासवर्गात शिकवायला जाणाऱ्यांसाठी हा पाऊण तासाचा पाठ देत आहोत. साहित्य घरचेच आहे : एक पसरट घमेले, त्यात वीतभर पाणी आणि लाल भोपळा, बटाटा, एक रुपयाचे नाणे, खडा, खिळा, पेन्सिल, मेणबत्तीचा तुकडा, बाटलीचे प्लॅस्टिकचे झाकण, स्टीलची वाटी.

प्रथम एकेक वस्तू मुलांच्या हातात द्या. मूल घरी तिला काय म्हणते ते विचारा आणि तोच शब्द वापरा. मग पाण्याला हात लावण्याआधी प्रत्येकाने पाटीवर वस्तूचे चित्र काढावे. बुडेल वाटल्यास खाली बाण, तरंगेल वाटल्यास वर बाण. हा बाण महत्त्वाचा आहे. तो नसेल, तर उत्तर दिसताच सगळीच मुले "मला ठाऊक होतं" म्हणतात आणि त्यांचा विचार काय होता ते आपल्याला कळत नाही.

बहुतेक मुले जड ते बुडते, हलके ते तरंगते असे धरून चालतात. म्हणून आधी नाणे आणि भोपळा घ्या. नाणे पाच ग्रॅमसुद्धा भरत नाही, तरी तळाशी जाते. दोन किलोचा भोपळा मात्र तरंगतो, कारण तो आतून पोकळ असतो. येथे थांबून विचारा, "असं का झालं?" उत्तर लगेच सांगू नका. मुले बोलून झाली की एवढेच सांगावे : वस्तू किती जड आहे एवढेच पाहून चालत नाही, ती आपल्या आकाराच्या मानाने किती जड आहे तेही पाहावे. दुसरीला इतके पुरे.

आता उरलेल्या वस्तू एकेक करून पाहा. बटाटा, खडा, खिळा बुडतील. पेन्सिल, मेणबत्ती, झाकण तरंगतील. जमिनीवर खडूने दोन गोल काढून ओल्या वस्तू त्यात मांडा. ज्यांचा बाण चुकला, त्यांना बाण पुसू देऊ नका. शेजारी दुसरा काढू द्या.

वाटी शेवटी घ्या. अलगद ठेवली तर तरंगते, तिरपी करून पाणी भरले की बुडते. ती कोणत्या गोलात ठेवायची, यावर मुलांना वाद घालू द्या.

दोन गोष्टी सांभाळा. वस्तू वरून टाकू नये, पाण्यावर हळूच ठेवावी. पातळ, हलकी वस्तू कधी कधी पाण्याच्या पृष्ठभागावर नुसती अडकून राहते. बोटाने ती पाण्याखाली दाबून सोडा. वर आली तरच ती तरंगणारी. आणि घमेल्याजवळ मोठे माणूस शेवटपर्यंत असावे.

पाठ समजला का, हे पाहायला न वापरलेली एक वस्तू दाखवा. "जड आहे म्हणून" एवढ्यावर न थांबता मूल "आत पोकळ आहे का?" असे विचारू लागले, तर पाठ पोहोचला.