शब्द कौतुकाचे, अर्थ तक्रारीचा

प्रश्न : आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे आणि बरीचशी विक्री ऑनलाइन होते. ग्राहक मराठी-इंग्रजी मिसळून, इंग्रजी लिपीत अभिप्राय लिहितात. ते वाचायला वेळ पुरत नाही, म्हणून मुलाने चांगले आणि वाईट शब्द मोजणारा छोटा प्रोग्राम बनवला. त्याने ‘अत्यंत समाधानी’ ठरवलेली एक ग्राहक प्रत्यक्षात पैसे परत मागत होती! असं का होतं? यावर उपाय आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी तुमच्या मुलाचा प्रोग्राम काय करतो ते पाहू. त्याच्याकडे दोन याद्या असतात. एक चांगल्या शब्दांची, दुसरी वाईट शब्दांची. चांगला शब्द सापडला की एक गुण मिळतो, वाईट सापडला की एक कमी होतो, आणि शेवटी बेरीज. समजा, चांगल्या यादीत भारी, मस्त, सुपरफास्ट, थँक यू आणि पैसा वसूल आहेत. वाईट यादीत लेट, खराब, लीकेज, प्रॉब्लेम आणि नाही. आता नमुन्यादाखल हे दोन अभिप्राय पाहा.

```
1. Ekdam bhari packing! Box ughadla tar ardha masala baher.
   Superfast service, 15 divas zale ajun reply nahi.
   Thank you, paisa vasool 👏

2. Goda masala mast. Delivery late nahi zali, packing kharab
   navhta, leakage cha problem ajibat nahi.
```

पहिल्यात चार चांगले शब्द आहेत आणि वाईट फक्त एक, ‘नाही’. बेरीज अधिक 3. दुसऱ्यात चांगला शब्द एकच, ‘मस्त’. वाईट मात्र सहा : लेट, खराब, लीकेज, प्रॉब्लेम आणि दोन वेळा ‘नाही’. बेरीज उणे 5. म्हणजे चिडलेली ग्राहक खूश ठरली आणि खूश ग्राहक चिडलेली. दोन्ही उत्तरं चुकली, पण चुकण्याची कारणं वेगळी आहेत, म्हणून त्यांचे उपायही वेगळे.

दुसऱ्या अभिप्रायाची चूक व्याकरणाची आहे आणि ती बऱ्यापैकी सुधारता येते. इंग्रजीत नकार सहसा आधी येतो, मराठीत तो वाक्याच्या शेवटाकडे येतो. ‘लेट नाही झाली’ म्हणताना आधी दोष सांगून मग तो खोडला जातो. इंग्रजीसाठी बनवलेली साधनं तयार आणून वापरली, तर इथेच फसगत होते. 2014 साली मांडलेली ‘व्हेडर’ ही शब्दयादीवर चालणारी प्रसिद्ध पद्धत नकार शोधायला मुख्यतः भावनाशब्दाच्या आधीचे तीन शब्द पाहते. आपला ‘नाही’ मागून येतो, त्यामुळे तो निसटतो. मुलाला सांगा, ‘नाही, नव्हतं, नको’ हे शब्द वाईट यादीतून काढून टाक. त्याऐवजी ते दिसले की त्याच उपवाक्यातल्या आधीच्या भावनाशब्दाचं चिन्ह उलटं कर. उपवाक्य कुठे संपतं ते स्वल्पविराम, ‘पण’ आणि ‘आणि’ यांवरून साधारण कळतं.

त्याआधी आणखी एक काम करावं लागेल, ते म्हणजे एकाच शब्दाची वेगवेगळी स्पेलिंगं एकत्र आणणं. ‘छान’ हा शब्द लोक chan, chhan, chaan असा कसाही लिहितात. ‘वाईट’ कोणी vait लिहितो, कोणी wait, आणि wait हा तर इंग्रजीतला ‘थांब’. म्हणून प्रत्येक शब्द मराठी की इंग्रजी हे शेजारच्या शब्दांवरून ठरवायचं आणि मराठी शब्द देवनागरीत आणून मगच यादीत शोधायचे. एवढं केलं की दुसऱ्या अभिप्रायाचं गणित सुटतं.

पहिल्याचं मात्र सुटत नाही. यादी कितीही मोठी केली तरी सुटणार नाही, कारण त्यातली तक्रार वाईट शब्दांतून आलेलीच नाही. ‘अर्धा मसाला बाहेर’ यात वाईट शब्द कोणता? अर्धा, मसाला, बाहेर हे तिन्ही निरुपद्रवी आहेत. वाईट आहे ती घटना. आणि त्या घटनेशेजारी ग्राहकाने मुद्दाम कौतुकाचा शब्द ठेवला आहे. उपरोधाची ही नेहमीची ठेवण आहे. एलन रिलोफ आणि सहकाऱ्यांनी 2013 साली इंग्रजी ट्वीट्सच्या अभ्यासात हीच विसंगती पकडली होती : सकारात्मक भावनेचा शब्द आणि नकारात्मक प्रसंग एकत्र येणं. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटानेही विसंगतीच्याच आधारे उपरोध ओळखण्यावर काम केलं आहे.

अडचण अशी की प्रसंग वाईट आहे हे समजायला व्यवहारज्ञान लागतं. ‘15 दिवस’ हा आकडा स्वतः चांगला नसतो की वाईट नसतो. ‘15 दिवस झाले, रिप्लाय नाही’ ही तक्रार आहे. ‘डबा उघडून 15 दिवस झाले तरी वास तसाच’ ही तुमच्या मसाल्याची स्तुती आहे. मोजणाऱ्या प्रोग्रामला हा फरक दिसत नाही. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 2023 साली खास मराठी-इंग्रजी मिश्र मजकुरावर शिकवलेली भाषा-मॉडेलं खुली केली आहेत. ती शब्द सुटा न पाहता आजूबाजूच्या शब्दांसह पाहतात, त्यामुळे यादीपेक्षा कितीतरी चांगलं वाचतात. तरीही ‘वा, छान सर्व्हिस!’ एवढंच लिहिलेलं असेल, तर माणसालाही ठामपणे सांगता येत नाही.

तुमच्यासारख्या व्यवसायाला मॉडेल शिकवण्याआधी एक सोपा मार्ग आहे. अभिप्रायासोबत तारे असतात. बेरीज अधिक आणि तारा एक किंवा दोन, असे अभिप्राय वेगळे काढा. उपरोध बहुधा तिथेच सापडेल. त्यात थोडे निष्पापही निघतील, कारण ‘एक नंबर’ म्हणत एकच तारा देणारे ग्राहकही असतात. दुसरी चाळणी म्हणजे कौतुकाचा शब्द आणि त्याच अभिप्रायात फुटला, सांडला, परत, रिफंड, रिप्लाय किंवा दिवसांचा आकडा. पहिला अभिप्राय या दुसऱ्या चाळणीत ‘15 दिवस’ आणि ‘रिप्लाय’ या दोन्हींवर अडकतो. चाळणीत अडकलेल्यांवर प्रोग्रामने निकाल देऊ नये, ते माणसाने वाचावेत.

प्रोग्राम सुधारला की नाही, हे तपासताना एका फसव्या आकड्यापासून सावध राहा. समजा, 1000 अभिप्रायांत 30 औपरोधिक आहेत. एकही उपरोध न ओळखणारा प्रोग्राम बाकी सगळं बरोबर वाचत असेल, तर तो 97 टक्के अचूक दिसेल. म्हणून एकूण अचूकता न विचारता, ‘त्या 30 पैकी किती पकडले?’ असं विचारा. ते 30 कोणते हे घरातल्या दोघांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळं ठरवावं. दोघांचं जिथे जुळत नाही, तिथे प्रोग्रामकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

तेव्हा मोजणी सोडू नका, पण तिच्याकडे निवाड्याचं काम देऊ नका. कोणता अभिप्राय आधी वाचायचा हे तिने सांगावं, आणि वाचायचं काम तुम्ही करावं. चिडूनही ‘थँक यू’ लिहिणाऱ्या ग्राहकाला उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे.