तिरामिसूचा तुकडा सरळ उभा कसा राहील?

ताईंनो, जालना शहरात वाढदिवसाच्या केकसोबत आता तिरामिसूचीही विचारणा होते. हा मूळचा इटलीतल्या ट्रेव्हिजो गावाचा गोड पदार्थ. कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि त्यावर मस्कारपोनेचं क्रीम, असे थर देऊन तो लावतात. वाटीत भरून द्यायला सोपा आहे. पण गिऱ्हाइकाला चौकोनी तुकडे हवे असले की अडचण येते. सुरी फिरवली की क्रीम वाहतं, खालची बिस्किटं लगदा होऊन ताटलीत पसरतात. मग तो ट्रे विकता येत नाही आणि महागडं सामान वाया जातं.

यामागे एकच कारण असतं: पाणी. श्रीखंडाचा चक्का नीट टांगला नाही तर श्रीखंड पातळ होतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. इथेही तसंच. बलकाचं कस्टर्ड, मस्कारपोने आणि कॉफी, या तिन्ही ठिकाणी जास्तीचं पाणी राहू द्यायचं नाही.

सामान (२० सें.मी. चौकोनी ट्रे, ९ तुकडे)

अंड्यांचे बलक ५, साखर ९० ग्रॅम, दूध ६० मिली, मस्कारपोने ४०० ग्रॅम, फेटायचं क्रीम १५० मिली, लांबट लेडीफिंगर बिस्किटं साधारण ३०, पाणी ३०० मिली, इन्स्टंट कॉफी १२ ग्रॅम आणि वरून भुरभुरायला कोको पावडर. केकच्या सामानाच्या दुकानातलं बिनदुधाचं क्रीम आधीच गोड असतं. ते वापरलं तर साखर ६० ग्रॅमच घ्या.

पहिलं काम: बलक शिजवणे

ट्रेव्हिजोकडच्या जुन्या पद्धतीत बलक कच्चेच फेटतात. आपण विक्रीसाठी करतोय आणि आपल्याकडे ऊन कडक, म्हणून बलक शिजवूनच घ्यायचे. त्याचा दुसरा फायदा असा, की शिजलेला बलक घट्ट होतो आणि क्रीमला आधार देतो.

पातेल्यात दोन बोटं पाणी उकळत ठेवा. वर स्टीलचं भांडं बसवा, पण त्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका. त्यात बलक, साखर आणि दूध घालून सतत ढवळा. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत राहा, कारण आधी तिथेच गुठळ्या धरतात. सात-आठ मिनिटांत मिश्रण दाट होईल. थर्मामीटर असेल तर ते ७५ ते ८० अंश सेल्सिअसला आलं की खाली उतरवा. नसेल तर चमच्याच्या पाठीवर मिश्रण घेऊन बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही, म्हणजे झालं. त्याच्या पुढे गेलात तर अंडाभुर्जी होईल. बारीक कण दिसू लागले तर लगेच उतरवून गाळणीतून गाळा. मोठ्या गुठळ्या झाल्या असतील तर ते सोडून द्या, नवीन करा.

आता भांडं थंड पाण्यात ठेवून ढवळत ढवळत पूर्ण गार करा. कोमट कस्टर्ड मस्कारपोनेत पडलं की त्यातलं लोणी वितळतं, आणि असं क्रीम पुन्हा घट्ट होत नाही.

दुसरं काम: मस्कारपोने

हा चक्का नव्हे. चक्का दह्याचा, आंबट. मस्कारपोने गोड मलईचं असतं. तयार डबा महाग पडतो, म्हणून घरीही करता येतं. पाकिटातलं १ लिटर क्रीम मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत, म्हणजे उकळी फुटायच्या आधीपर्यंत तापवा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला आणि पाच मिनिटं हलकेच ढवळा. गार झालं की सुती फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगा. चक्क्याला एक रात्र पुरते, याला पूर्ण २४ तास द्या. फडकं उघडल्यावर चमचा त्यात उभा राहिला पाहिजे. घरची साठवलेली साय मात्र वापरू नका. तिला आंबूस वास लागलेला असतो आणि कॉफीसोबत तो लगेच कळतो.

मस्कारपोने थंडच घ्या आणि चमच्याने नुसतं मऊ करा. मशीनने जास्त फेटलं तर लोणी वेगळं होऊन दाणे पडतात. त्यात गार कस्टर्ड दोन-तीन वेळा घालून मिसळा. क्रीम वेगळं, टोक उभं राहीपर्यंत फेटा आणि हलक्या हाताने त्यात एकजीव करा. मग चमचाभर मिश्रण घेऊन चमचा उलटा धरा. खाली पडलं तर थर लावू नका, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा बघा.

तिसरं काम: कॉफीत बुडवणे

सगळ्यात जास्त ट्रे इथेच बिघडतात. कॉफी पूर्ण गार हवी. गरम कॉफीत बिस्किट लगेच विरघळतं. पसरट ताटलीत कॉफी घ्या. बिस्किटाची एक बाजू टेकवा, उलटवा, उचला. एवढ्यात एक सेकंद जातो, तेवढाच पुरे.

सुरुवातीला एक बिस्किट बुडवून मधोमध मोडून बघा. आत मधे कोरडी, फिकट रेघ दिसली पाहिजे. रात्रभरात ती आपोआप ओली होते. वजनकाटा असेल तर आणखी सोपं: ८ ग्रॅमचं बिस्किट बुडवल्यावर १६ ते १८ ग्रॅम भरावं. २० ग्रॅमच्या वर गेलं, तर ट्रेच्या तळाशी कॉफी साचणार.

थर, मुरवणे आणि कापणे

ट्रेमध्ये बटर पेपर असा घाला, की दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर राहतील. बिस्किटं एकमेकांना चिकटवून लावा, वर अर्धं क्रीम, पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम. वर झाकण लावून फ्रिजमध्ये निदान १२ तास ठेवा. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. चार तासांपेक्षा जास्त वेळ गेली, तर तो माल विकू नका.

समजा ऑर्डर रविवारी संध्याकाळी ७ ची आहे. शुक्रवारी दुपारी मलई टांगा. शनिवारी दुपारी कस्टर्ड करून संध्याकाळपर्यंत थर लावा. रविवारी ४ वाजता ट्रे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. मग पेपर धरून सगळा ठोकळा पाटावर काढा. लांब सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा आणि सरळ खाली दाबा. करवतीसारखी पुढेमागे ओढू नका. प्रत्येक काप झाला की सुरी पुसा. कोको कापून झाल्यावर, देताना चाळा. आधी टाकला तर तो ओला होतो आणि सुरीबरोबर पांढऱ्या क्रीमवर काळे ओघळ येतात.

देताना

तुकडे बर्फाच्या पेटीतूनच न्या. फ्रिजबाहेर एकूण दोन तास, आणि जालन्याच्या उन्हाळ्यात एक तासच. ताट लावायच्या वेळीच बाहेर काढा. मांडवात आधीपासून मांडून ठेवायचा हा पदार्थ नाही.

यात अंडं आहे हे ऑर्डर घेतानाच सांगा आणि डब्यावर मांसाहाराची तपकिरी खूण लावा. पाहुण्यांत अंडं न खाणारे असतील तर घरमालकाला आधी विचारा.

पहिली ऑर्डर घेण्याआधी एक ट्रे गटातच करून कापा. तुकडा ताटलीत ठेवून १५ मिनिटं बघा. क्रीम वाहिलं तर कस्टर्ड किंवा मस्कारपोने पातळ राहिलं. खाली कॉफी सुटली तर बिस्किट जास्त बुडलं. दोष कुठल्या थरात आहे ते असं कळतं, आणि पुढच्या ट्रेला तेवढंच सुधारायचं.