रिमोटने टीव्ही बंद केला, तरी मीटर चालूच!

ताईंनो, मागच्या महिन्यात वीजबिल वाचायला शिकलो. आता बघूया, घरात काहीच वापरत नसताना किती वीज जाते. उदाहरण घेऊ तालुक्याच्या गावी, मुलांच्या शाळेसाठी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटचं.

समजा, तिथे टीव्ही रोज ४ तास चालतो. उरलेले २० तास तो फक्त रिमोटने बंद असतो. बोर्डावरचं बटण चालूच. आजकालचा एलईडी टीव्ही अशा वेळी साधारण अर्धा वॅट घेतो. पण खरा खाणारा त्याच्या शेजारी बसलेला असतो, तो म्हणजे सेट टॉप बॉक्स. रिमोट दाबला की त्याचा दिवा लाल होतो, पण आतलं बरंचसं काम सुरूच राहतं. त्यामुळे बरेच बॉक्स बंद दिसतानाही १० वॅटच्या आसपास वीज घेतात.

आता हिशोब करू. १० वॅट गुणिले २० तास म्हणजे २०० वॅट-तास. १००० वॅट-तासांचं एक युनिट होतं, म्हणजे पाच दिवसांत एक युनिट गेलं. वर्षाला ७३ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ५८४ रुपये! टीव्हीचे वर्षाला जेमतेम २९ रुपये. मोबाईल न लावता बोर्डात अडकवून ठेवलेले तीन चार्जर मिळून अर्धा वॅट धरले, तर त्यांचे ३५ रुपये. एकूण झाले ६४८. दर मात्र तुमच्या बिलावर बघून घाला.

म्हणजे चार्जर काढा म्हणून घरच्यांच्या मागे लागून फारसं वाचत नाही. आधी बॉक्सचं बटण बंद करायची सवय लावा.

तुमचा बॉक्स किती खातो, हे मीटरच सांगतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळ 3200 imp/kWh असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिजसकट सगळं अर्धा तास बंद ठेवा. इन्व्हर्टर असेल तर तोही. फक्त बॉक्स रिमोटने बंद करून बोर्डावर चालू ठेवा आणि दिवा मोजा. अर्ध्या तासात १६ वेळा लुकलुकला, तर बॉक्स १० वॅट घेतोय. ८ वेळा असेल तर ५ वॅट. मीटरवर आकडा वेगळा असेल, तर हिशोब त्याप्रमाणे बदलेल. बॉक्सही बंद केला आणि तरी दिवा लुकलुकतोय? मग आणखी काहीतरी चालू राहिलंय, ते शोधा.

एक अडचण आहे. बटणावरून बंद केलेला बॉक्स पुन्हा सुरू व्हायला एक-दोन मिनिटं घेतो, आणि रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं असेल तर ते होणार नाही. म्हणून दिवसभर चालू-बंद करत बसू नका. झोपताना आणि कामाला निघताना, असं दोनदा बटण बंद केलं तरी बहुतेक पैसे वाचतात. बटण टीव्हीच्या मागे असेल, तर हाताला येईल असा बटणाचा एक्स्टेंशन बोर्ड लावून घ्या.

पुढच्या बैठकीला आपापल्या मीटरची मोजणी वहीत लिहून आणा. कुणाचा बॉक्स किती खातो, ते शेजारी शेजारी ठेवून बघू.