फास्टॅग: दांडी उघडण्याआधी आणि न उघडल्यावर

टोलनाक्याची दांडी वर जाते तेव्हा तुमचे पैसे कापले गेलेलेच असतात असं नाही. दांडी उघडण्यापूर्वी नाक्यावरची यंत्रणा मुख्यतः एवढंच बघते, की तुमचा टॅग चालू आहे का आणि तो बंद टॅगांच्या यादीत तर नाही ना. हिशेब त्यानंतर होतो. एवढं लक्षात ठेवलं, तर कमी बॅलन्स आणि चुकीची लेन या दोन्ही अडचणींत काय करायचं ते आपोआप कळतं.

यंत्रणा कशी चालते

काचेवरच्या टॅगमध्ये बॅटरी नसते. एक चिप असते आणि तिच्याभोवती पातळ अँटेना. लेनच्या वर बसवलेल्या रीडरकडून रेडिओ लहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. या क्रमांकाला गाडीचा नंबर, गाडीचा वर्ग आणि टॅग देणारी बँक जोडलेली असते. टॅगमध्ये स्वतःमध्ये पैसे नसतात, ते बँकेतल्या खात्यात असतात.

क्रमांक वाचला गेला की नाक्याची यंत्रणा टॅगची स्थिती तपासते आणि दांडी उघडते. मग व्यवहार नाक्याच्या बँकेकडून एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत तुमच्या बँकेकडे जातो, तिथे रक्कम वजा होते आणि मेसेज येतो. मेसेज कधी लगेच येतो, तर कधी गाडी बरीच पुढे गेल्यावर. म्हणून मेसेज आला नाही याचा अर्थ टोल कापला गेला नाही, असा धरू नका.

१. निघण्याआधी टॅगची स्थिती बघा

आपण सहसा बॅलन्स बघतो. त्यासोबत स्थितीही बघा. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर फास्टॅगच्या विभागात गाडीचा नंबर टाकला की टॅग चालू आहे की नाही ते दिसतं. बँकेच्या ॲपमध्येही ते कळतं.

टॅग बंद दिसला तर रिचार्ज करण्याआधी कारण शोधा. कारण ‘Low Balance’ असेल तर रिचार्जने काम होतं. पण केवायसी अपुरी असेल, त्याच गाडीवर दुसऱ्या बँकेचा नवा टॅग निघालेला असेल, किंवा नवी गाडी घेताना चासी नंबरवर दिलेल्या टॅगला नोंदणी क्रमांक जोडायचा राहिला असेल, तर कितीही पैसे भरले तरी टॅग चालू होत नाही. नाक्यावर ‘खात्यात हजार रुपये आहेत, तरी दांडी का उघडत नाही?’ असा वाद होतो, तो बहुतेक अशाच टॅगमुळे. हे काम बँकेकडेच होतं, त्यामुळे ते निघण्याच्या आदल्या दिवशी उरका.

२. टॅग काचेवर नीट चिकटलेला हवा

जागा म्हणजे समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला, मधोमध, आरशाच्या मागे. डॅशबोर्डवर ठेवलेला किंवा हातात धरून रीडरला दाखवलेला टॅग चालत नाही. असा सुटा टॅग काळ्या यादीत टाकण्याचं धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये जाहीर केलं. एकदा काढलेला टॅग पुन्हा चिकटवण्याचा प्रयत्नही करू नका. सोलताना आतली अँटेना तुटते. काच बदलावी लागली तर बँकेकडून बदली टॅग मागवा.

३. आपल्या प्रवासाचा हिशेब मांडा

एक उदाहरण घेऊ. पुण्याहून कोल्हापूरला कार निघाली आहे. वाटेत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात. प्रत्यक्ष दर वेगवेगळे आहेत, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून प्रत्येक नाक्यावर १०० रुपये धरू. टॅगमध्ये ४० रुपये शिल्लक आहेत.

खेड-शिवापूरला ही कार अडायला नको. कार, जीप, व्हॅन या वर्गासाठी किमान शिल्लक ठेवण्याची अट २०२१ मध्ये काढली गेली. खातं उणे झालेलं नसेल, तर शिल्लक टोलपेक्षा कमी असली तरी गाडी सोडायची आणि कमी पडलेली रक्कम टॅग घेताना भरलेल्या अनामत रकमेतून वळती करायची, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे ४० रुपये खात्यातून गेले आणि ६० अनामतीतून. पण ही सवलत एकदाच कामाला येते. आता टॅग ‘Low Balance’च्या यादीत गेला आणि आनेवाडीला दांडी उघडणार नाही.

४. रिचार्ज नाक्याच्या अलीकडे करा

आपल्या उदाहरणात रिचार्जची जागा म्हणजे शिरवळला चहाला थांबाल ती. खंबाटकी घाटात रेंजचा भरवसा धरू नका.

यूपीआय ॲपमध्ये फास्टॅग रिचार्ज निवडा, टॅग देणारी बँक निवडा, गाडीचा नंबर टाका. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव तुमचंच आहे ना, ते वाचा. बँक चुकीची निवडली तर बहुतेक वेळा नोंदच सापडत नाही. पण नंबरातला एखादा आकडा चुकला, तर पैसे दुसऱ्याच गाडीच्या टॅगमध्ये जाऊ शकतात.

रक्कम किती टाकायची? आपल्या कारला अजून तीन नाके, म्हणजे ३०० रुपये लागणार आहेत. पण ३०० टाकले तर आधी अनामतीतले ६० भरून निघतात आणि वापरायला २४० उरतात. किणीला पुन्हा कमी पडतील. म्हणून ३६० तरी हवेत. परतीचाही विचार असेल तर ५०० किंवा अधिक टाका. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांच्या आत परतल्यास जाण्यायेण्याचा मिळून दीडपट टोल लागतो, त्यामुळे परतीच्या फेरीला निम्मीच रक्कम कापली जाते.

‘यशस्वी’ असा संदेश आला की एकदा टॅगची स्थिती पुन्हा बघा. यूपीआयने पैसे पोचले, पण टॅग अजून यादीतून निघालेला नाही, असं थोडा वेळ होऊ शकतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘६० मिनिटं आधी आणि १० मिनिटं नंतर’ हा नियम बराच गाजला. तो प्रामुख्याने बँकांमधले व्यवहाराचे वाद सोडवण्यासाठी होता. राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना टॅगची स्थिती त्याच क्षणी कळते, त्यामुळे नाका पार करण्यापूर्वी केव्हाही रिचार्ज केला तरी चालतो, असा खुलासा महामार्ग प्राधिकरणाने केला. काही राज्य मार्गांवर मात्र तेव्हा जुनीच पद्धत होती. तिथे यादी ठरावीक अंतराने येते, त्यामुळे नाक्याच्या तोंडाशी केलेला रिचार्ज वेळेत पोचेलच असं नाही.

५. लेन लांबूनच ठरवा

नाक्याच्या छतावर लेनचे दिवे आणि फलक असतात. हिरवा बाण म्हणजे लेन चालू, लाल फुली म्हणजे बंद. कडेची जादा रुंद लेन मोठ्या मापाच्या गाड्यांसाठी असते. रुग्णवाहिकांची लेन असेल तर तिच्यात शिरू नका.

फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या लेन फास्टॅगच्याच आहेत. पूर्वी रोखीची म्हणून एखादी लेन असायची, ती आता नाही. त्यामुळे टॅग चालू असेल तर संथ लेनमध्ये गेल्याने वेळ जातो, दंड होत नाही. दंड पडतो तो चालू टॅग नसताना लेनमध्ये शिरल्यावर.

लेन चुकली असं लक्षात आलं तर ऐनवेळी तिरके घुसू नका आणि रीडरखाली गेल्यावर मागे तर मुळीच घेऊ नका. तुमचा टॅग एका लेनमध्ये वाचला गेला आणि गाडी दुसऱ्या लेनमधून गेली, तर दोनदा रक्कम कापली जाण्याची वाट तुम्हीच मोकळी करता. पुढच्या गाडीला खेटूनही थांबू नका. तिचा व्यवहार संपण्याआधी तुमचा टॅग वाचला गेला तर क्रम बिघडतो. पुढची गाडी निघून दांडी खाली आली की मग पुढे व्हा.

६. दांडी उघडली नाही तर

आधी कर्मचाऱ्याला हातातल्या रीडरने टॅग वाचायला सांगा. काचेवरची धूळ किंवा टॅगची जागा यामुळे वरचा रीडर चुकू शकतो. त्याच्या पडद्यावर काय कारण दिसतं ते विचारा. पुढची वाट त्या कारणावर ठरते.

टॅग बंद किंवा शिल्लक नाही, असं दिसलं तर राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानुसार यूपीआयने भरल्यास सव्वापट आणि रोख भरल्यास दुप्पट टोल लागतो. आपल्या १०० रुपयांच्या नाक्यावर म्हणजे १२५ किंवा २००. मागे रांग लागलेली नसेल आणि दोष फक्त शिल्लकीचा असेल, तर तिथेच रिचार्ज करून टॅग पुन्हा वाचायला सांगणं स्वस्त पडतं.

महाराष्ट्रात रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांवर, १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे आणि टॅगशिवाय दुप्पट टोल आहे. ज्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेला वार्षिक पास घेतला आहे, त्यांनी इथे विशेष जपावं. तो पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी किंवा अटल सेतूवर टोल नेहमीच्या शिल्लकीतून कापला जातो. पास आहे म्हणून खातं रिकामं ठेवणारे नेमके खालापूरला अडकतात.

टॅग चालू आहे, पैसे आहेत, पण नाक्याचीच यंत्रणा बंद आहे, असं असेल तर राष्ट्रीय महामार्गावर टोल न घेता गाडी सोडायची असा २०१८ चा नियम आहे. त्याची शून्य रकमेची पावती द्यावी लागते, ती मागून घ्या. टॅग चालू असल्याचा पडदा मोबाइलवर टिपून ठेवला असेल तर वाद लवकर मिटतो.

७. जास्त कापले तर बँकेकडे जा

घरी पोचल्यावर विवरणात तीन गोष्टी बघा: एकाच नाक्याची दोनदा नोंद, कारऐवजी मोठ्या गाडीचा दर, आणि परतीची सवलत न मिळता कापलेली पूर्ण रक्कम. रोख किंवा यूपीआयने भरल्यावर मागाहून टॅगमधूनही रक्कम गेली का, तेही बघा.

तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडे करायची. परतावा बँकांच्या व्यवस्थेतूनच फिरतो, नाक्यावरचा माणूस तो देऊ शकत नाही. व्यवहार क्रमांक, नाक्याचं नाव, वेळ आणि हातात असलेली पावती जोडा. वर्ग चुकला असेल तर नोंदणी प्रमाणपत्राची प्रतही लागते. नाक्याच्या यंत्रणेविषयी किंवा वागणुकीविषयी तक्रार असेल, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करून तक्रार क्रमांक लिहून घ्या.